नखं टणक करणारी बाटली

वाळलेलं नेलपेंट म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर. अ‍ॅसिटोन तो काही सेकंदांत विरघळवतं. 'अ‍ॅसिटोन फ्री' रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा इथाइल अ‍ॅसिटेट असतं. तेही थर विरघळवतं, पण सावकाश. अ‍ॅसिटोन नखातलं तेल ओढून घेतं आणि नख पांढरट, कोरडं दिसायला लागतं, ही तक्रार खरी आहे. पण म्हणून दुसरी बाटली निर्धोक ठरत नाही, तीही नख कोरडं करते. चमकीचं नेलपेंट काढताना तर कापूस पुन्हा पुन्हा भिजवून घासावं लागतं आणि त्या घासण्याने नखाचा वरचा पापुद्रा खरवडला जातो.

म्हणून साध्या नेलपेंटसाठी मी अ‍ॅसिटोनच्याच बाजूने आहे. भिजवलेला कापूस नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा, मग मुळाकडून टोकाकडे पुसून घ्यायचा. लगेच हात धुऊन नखांना तेल किंवा व्हॅसलीन लावायचं. अ‍ॅक्रिलिकची कृत्रिम नखं ठेवायची असतील तेव्हा मात्र अ‍ॅसिटोन नको, ती विरघळतात. आणि अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, त्यामुळे गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ बाटली उघडू नका.

नखं मजबूत करणाऱ्या हार्डनरची गोष्ट जास्त काळजीची आहे. त्यांतल्या काहींमध्ये फॉर्मॅल्डिहाइड असतं. ते नखातल्या केराटिनचे धागे एकमेकांना घट्ट बांधतं, त्यामुळे सुरुवातीला नख खरोखरच टणक लागतं. पण चांगलं नख दाबलं की थोडं वाकतं आणि परत सरळ होतं. हार्डनर लावत राहिलं की हा लवचीकपणा जातो आणि नख वाकण्याऐवजी तडकतं. तडकलं म्हणून बाई आणखी एक हात लावते, तिथेच चक्र सुरू होतं. नखाभोवती खाज किंवा जळजळ झाली, नख खालच्या त्वचेपासून सुटायला लागलं, तर बाटली त्या दिवशीच बंद करावी. फॉर्मॅल्डिहाइड नसलेले बरेच हार्डनर निव्वळ पारदर्शक लेप असतात. लेप आहे तोवर आधार मिळतो, पुसला की नख होतं तसंच.

बायोटिनच्या गोळ्यांमागचा पुरावाही तोकडा आहे. ठिसूळ नखांवर त्यांचे जे अभ्यास झाले ते थोड्या लोकांवर, आणि तेही बहुतांशी तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता. शिवाय बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणाऱ्या रक्तचाचण्या चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता.

पापुद्रे सुटण्याचं नेहमीचं कारण पाणी. भांडी घासताना नख भिजून फुगतं, वाळताना आकसतं आणि दिवसातून अनेकदा हे झालं की थर सुटे होतात. रबरी हातमोजे आणि कामानंतर व्हॅसलीन, एवढा उपाय पुरतो, पण धीर हवा: हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. नखं चमच्यासारखी खोलगट झाली असतील, तर बाटली विकत घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.