करार बाराही महिन्यांचा, काम मात्र ऑक्टोबरचे

सोसायटीच्या बागेचा करार बहुधा फेऱ्यांवर ठरतो. माळी आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास येतो, म्हणजे महिन्याला सुमारे 26 तास. पैसे बाराही महिने सारखेच, पण काम कधीच सारखे नसते. पावसाळ्यात लॉन आठ-दहा दिवसांतच कापायला येते, थंडीत तीन आठवडे हात लावावा लागत नाही. खरी ओढाताण ऑक्टोबरात होते.

पुण्याकडच्या बागांत पाऊस ओसरला की गुलाबाची छाटणी करतात. समजा, सोसायटीत 40 गुलाब आहेत. एका झाडाला नीट छाटायला पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे सगळ्यांना दहा तास, माळ्याच्या पाच फेऱ्या. त्याच दिवसांत लॉन वाढत असते, कुंपणाची मेंदी सुटलेली असते. करारात या कामाचे वेगळे दोन दिवस धरलेले नसतील, तर माळी वरवर शेंडे खुडून मोकळा होतो. हा दोष त्याच्या माथी मारणे बरोबर नाही.

नीट छाटणीत आधी वाळलेल्या आणि आत घुसलेल्या फांद्या बुडापासून काढतात. कलमाच्या जोडाखालून फुटलेला धुमारा मुळाशी जाऊन काढावा लागतो, नाहीतर तो वाढून कलमालाच दाबतो. उरलेल्या जोमदार फांद्या साधारण निम्म्यावर आणतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घेतात, म्हणजे झाड मधून मोकळे राहते आणि कापावर पाणी साचत नाही. कापलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट लावतात. त्यानंतर शेणखत आणि पाणी दिले की दीड-दोन महिन्यांत फुले येतात.

काप कसा झाला ते टोक पाहून कळते. सिकेटरला धार असेल तर कड गुळगुळीत येते. बोथट असेल तर साल चेंगरते, तिथून फांदी काळी पडत खाली वाळत जाते. अशी फांदी आतला गाभा पांढरट दिसेपर्यंत पुन्हा कापावी लागते. लॉन कटरचेही तसेच आहे. बोथट पात्याने गवत तुटत नाही, फाटते. दुसऱ्या दिवशी हिरवळीवर पांढुरकी झाक येते आणि लोक पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी सोडतात. म्हणून अवजारे कोणाची आणि धार कोण लावून आणणार, हे करारात लिहिलेले असावे. खत, औषध आणि छाटलेला काटेरी कचरा उचलण्याचा खर्च कोणाचा, हेही तिथेच ठरावे. ऑक्टोबरात तो ढीग नेहमीच्या फेरीत उचलला जात नाही.

बंगल्याच्या बागेत गुलाब दहाच असतील तर अडीच तासांत काम होते, वेगळे दिवस लागत नाहीत. तिथे मोगरा असेल तर त्याचे वेळापत्रक निराळे असते: डिसेंबरात पाणी तोडायचे, जानेवारीत छाटायचे आणि मग खत-पाणी सुरू करायचे.