बायकोचा वाढदिवस आणि फोटोखालच्या चार ओळी

गेल्या महिन्यात एका मित्राने मला चार ओळी पाठवल्या आणि विचारलं, ‘हे बरं आहे का?’ बायकोच्या वाढदिवसाला फोटोखाली टाकायचा मजकूर होता. ‘माझी अर्धांगिनी, माझी ताकद, माझं सर्वस्व. तू नसतीस तर मी कोणीच नसतो.’ भावना खरी होती, कारण मी त्या दोघांना वीस वर्षं ओळखतो. पण त्या ओळींवरचं नाव पुसून शेजारच्या घरातलं नाव घातलं असतं, तरी एक अक्षरही बदलावं लागलं नसतं. लग्नातला उखाणा असाच तयार मिळतो, कुठलंही नाव त्यात बसतं. तिथे ते शोभतं, कारण तिथे नाव घेण्यालाच महत्त्व असतं. वीस वर्षांच्या संसारानंतर मात्र नुसतं नाव पुरत नाही.

मी त्याला म्हटलं, ती रोज काय करते ते सांग. त्याने लगेच सुरुवात केली: पहाटे उठते, डबा करते, माझ्या गोळ्या आठवणीने देते. बहुतेक नवरे इथेच चुकतात. ही तिची सवय नाही, तिने आपल्यासाठी केलेलं काम आहे. असा मजकूर प्रेमाने लिहिला, तरी वाचताना कामांची यादी वाटते आणि त्या यादीच्या मधोमध नवराच बसलेला असतो. म्हणून मी प्रश्न बदलला. कुणासाठीच काही करायचं नसतं तेव्हा ती काय करते?

तो बराच वेळ गप्प राहिला. मग एकेक गोष्ट निघू लागली. कुलूप लावून ती दोन पायऱ्या उतरते आणि परत वर जाऊन ते ओढून बघते. शब्दकोडं पेननेच सोडवते, पेन्सिल दिली तर रागावते. आईशी फोनवर बोलताना गॅलरीत फिरत तुळशीची पिवळी पानं खुडते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कधीच पूर्ण तोडत नाही, पिशवीलाच लटकता ठेवते.

यातल्या प्रत्येक गोष्टीत एक क्रियापद आहे आणि हाताला लागेल अशी एक वस्तू आहे. ‘काळजी घेणारी’ म्हटलं की डोळ्यांपुढे काही येत नाही. ‘कुलूप ओढून बघते’ म्हटलं की माणूस दिसतो. चारही गोष्टी घेतल्या असत्या तर पुन्हा यादी झाली असती, म्हणून आम्ही तीनच ठेवल्या.

मग क्रमाचा प्रश्न आला. इन्स्टाग्रामवर २,२०० चिन्हांपर्यंत लिहिता येतं, पण फोटोखाली सुरुवातीची सुमारे सव्वाशेच चिन्हं दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे ही जागा लवकर संपते. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच तीसेक चिन्हं जातात. कुलपाचं वाक्य पासष्टच्या आसपास बसतं. म्हणून ते पहिलं घेतलं आणि वाढदिवसाचा उल्लेख खाली नेला.

‘तू’ म्हणायचं की ‘ती’, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सगळा मजकूर ‘तू’ म्हणून लिहिला की वाचणाऱ्या नातेवाइकांना दोघांचं खासगी बोलणं ऐकल्यासारखं होतं. सगळीकडे ‘ती’ ठेवलं तर परिचयपत्र होतं. म्हणून सवयी ‘ती’च्या भाषेत सांगितल्या आणि शेवटची ओळ थेट तिला उद्देशून ठेवली.

काही सवयी खऱ्या असूनही चारचौघांत लिहू नयेत. घोरणं, वजन, औषधं, सासूबद्दलची कुरकुर यांचं घरात हसू होतं, बाहेर त्याचा अपमान होतो. ती रोज किती वाजता, कुठल्या बागेत एकटी फिरते हेही लिहू नये, कारण तो तिचा ठावठिकाणा आहे. आणि मजकूर टाकण्याआधी तिला दाखवावा. अचानक आनंद देण्यापेक्षा तिची संमती मला महत्त्वाची वाटते.

मित्राने आदल्या रात्री दाखवला. तिने वाचला, थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, ‘अरे, पिवळी पानं नाही. मी मंजिऱ्या खुडते.’ मंजिऱ्या तशाच राहिल्या की तुळस बी धरायला लागते आणि नवी पानं कमी येतात. खुडल्या की बाजूने फांद्या फुटतात. वीस वर्षं रोज बघूनही त्याला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोटोखाली गेलं ते असं:

‘कुलूप लावून दोन पायऱ्या उतरते आणि परत वर जाऊन ते एकदा ओढून बघते. शब्दकोडं पेननेच सोडवते. आईशी फोनवर बोलताना तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहते, म्हणून आमची तुळस दाट. आज हिचा वाढदिवस. चल गं, कुलूप मी ओढून बघितलंय.’