घरगुती व्हीपीएन सर्व्हरसाठी डायनॅमिक डीएनएस व पोर्ट फॉरवर्डिंग

डायनॅमिक डीएनएस ही वारंवार बदलणाऱ्या आयपी पत्त्याला एक स्थिर नाव जोडून ठेवणारी व्यवस्था होय. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राउटरच्या बाहेरील एका ठरावीक पोर्टवर आलेली माहिती घरातील नेमक्या यंत्राकडे वळवण्याची नोंद. घरात चालणाऱ्या व्हीपीएन सर्व्हरपर्यंत बाहेरगावाहून पोहोचण्यासाठी या दोन्हींचा एकत्र उपयोग केला जातो. नाव घराचा रस्ता दाखवते आणि पोर्टची नोंद दार उघडते. दोहोंपैकी एक चुकले तरी जोडणी होत नाही. मात्र सेवापुरवठादाराने घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेला नसेल, तर दोन्ही गोष्टी बिनचूक करूनही उपयोग होत नाही.

## पत्ता का बदलतो

फायबर जोडणीत घरातील ओएनटी किंवा राउटर बहुधा पीपीपीओई या पद्धतीने पुरवठादाराकडे नोंद करतो आणि त्या सत्रापुरता एक पत्ता त्याला मिळतो. सत्र तुटले की तो पत्ता सामायिक साठ्यात परत जातो व पुढच्या सत्रात दुसरा मिळू शकतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात सत्र तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे वीज जाणे. राउटर इन्व्हर्टरवर असला तरी पत्ता टिकेलच असे नाही, कारण पुरवठादाराचे वस्तीतील उपकरण बंद पडले तरी सत्र तुटते.

यामागे पत्त्यांचा तुटवडा आहे. आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था एपनिक हिच्याकडील आयपीव्ही४ पत्त्यांचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या राखीव गटापर्यंत आला. त्यानंतर मागेल तेवढे पत्ते मिळणे बंद झाले. परिणामी अनेक पुरवठादार एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात. या पद्धतीस सीजीनॅट म्हणतात. तिच्यासाठी `100.64.0.0` ते `100.127.255.255` हा पत्त्यांचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या दस्तऐवजाने राखून ठेवण्यात आला.

## आधीची तपासणी

कोणतीही मांडणी करण्यापूर्वी घराला सार्वजनिक पत्ता मिळतो का, हे पाहणे आवश्यक असते. राउटरच्या स्थितीदर्शक पानावर वॅन विभागात दिसणारा पत्ता लिहून घ्यावा आणि घरातील संगणकावर पुढील आज्ञा द्यावी:

```
curl -4 ifconfig.me
```

दोन्ही पत्ते एकच असतील तर मार्ग मोकळा आहे. राउटरवर `100.64` ते `100.127` यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर घर सीजीनॅटमागे आहे. राउटरवर `192.168` ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक बसलेले असतात: पुरवठादाराचा ओएनटी आणि त्याला जोडलेला स्वतःचा वायफाय राउटर. अशा वेळी ओएनटी ब्रिज पद्धतीत ठेवून पीपीपीओई आपल्या राउटरवर घ्यावे, अथवा पोर्टची नोंद दोन्ही ठिकाणी करावी. `10` ने सुरू होणारा पत्ता मात्र दोन्ही कारणांनी येऊ शकतो, म्हणून ओएनटीचे पानही उघडून पाहावे लागते.

ही तपासणी टाळल्यास फसगत होते, कारण सीजीनॅटमागील घरातूनही डायनॅमिक डीएनएसची नोंद व्यवस्थित होते. नोंद ठेवणाऱ्या सेवेला विनंती ज्या पत्त्यावरून आली तो दिसतो आणि ती तोच लिहून घेते. तो पत्ता पुरवठादाराच्या मोठ्या यंत्राचा असतो. बाहेरून आलेली माहिती तिथपर्यंत पोहोचते, परंतु ती शेकडो ग्राहकांपैकी कोणाकडे द्यायची याची कोणतीही नोंद त्या यंत्रात नसल्याने टाकून दिली जाते. नाव बरोबर, पत्ता ताजा, तरीही दार बंद, अशी ही स्थिती असते.

## मांडणीचे उदाहरण

सिडको भागातील एका घरी रास्पबेरी पाय या लहान संगणकावर वायरगार्ड हा व्हीपीएन सर्व्हर चालतो आणि त्याच संगणकावर गुलमंडीतील दुकानाच्या हिशेबाच्या फायली आहेत, असे मानू. दुकानदाराची मुलगी पुण्यात राहते व तेथून त्या फायली पाहते. घराचा सार्वजनिक पत्ता आज `203.0.113.27` आहे. (हा पट्टा केवळ उदाहरणांसाठी राखीव आहे.)

प्रथम घरातील जाळ्याचा पट्टा बदलावा. बहुतेक राउटर `192.168.1` हा पट्टा घेऊन येतात. पुण्यातील वसतिगृहातही तोच असेल, तर मुलीच्या संगणकाला घरचे यंत्र कोणते व वसतिगृहातले कोणते हे कळणार नाही. येथे `192.168.73` घेतला आहे. राउटरमध्ये पायच्या मॅक पत्त्याला `192.168.73.50` कायमचा राखून द्यावा. अन्यथा पायचा आतला पत्ता बदलला की पोर्टची नोंद भलत्याच यंत्राकडे बोट दाखवू लागते. नोंद अशी असते: बाहेरील पोर्ट `51820`, प्रकार यूडीपी, आतील पत्ता `192.168.73.50`, आतील पोर्ट `51820`. वायरगार्ड केवळ यूडीपी वापरतो, आणि अनेक राउटर टीसीपी हा प्रकार आधीच निवडून ठेवतात.

नावासाठी डकडीएनएस ही विनामूल्य सेवा घेतल्यास पायच्या क्रॉन यादीत एक ओळ पुरते:

```
*/5 * * * * curl -s -o ~/duck.log "https://www.duckdns.org/update?domains=NAAV&token=TOKEN&ip="
```

दर ५ मिनिटांनी ही विनंती जाते. यशस्वी झाल्यास `duck.log` मध्ये `OK`, नाव वा टोकन चुकल्यास `KO` असे उत्तर लिहिले जाते. टोकन गुप्त ठेवावे लागते, कारण ते ज्याच्या हाती असेल तो नाव कुठेही वळवू शकतो. पुण्यातील संगणकावरील नोंद पुढीलप्रमाणे:

```
[Peer]
PublicKey = SERVER_KEY
Endpoint = NAAV.duckdns.org:51820
AllowedIPs = 10.66.66.1/32
PersistentKeepalive = 25
```

`10.66.66.1` हा व्हीपीएनच्या आतील पायचा पत्ता. फायली पायवरच असल्याने एवढाच पत्ता पुरतो. घरातील इतर यंत्रांपर्यंत जायचे असेल, तर `192.168.73.0/24` हा पट्टाही येथे जोडावा लागतो आणि पायवर मार्गाची वेगळी व्यवस्था करावी लागते. वीज परत आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा म्हणून `sudo systemctl enable wg-quick@wg0` ही आज्ञा एकदा द्यावी.

## पत्ता बदलतो तेव्हा

सायंकाळी ७.१० वाजता वीज गेली व ७.३७ ला आली, असे समजू. ७.४० पर्यंत ओएनटीने नवे सत्र उघडले आणि घराला `203.0.113.88` हा पत्ता मिळाला. पायची पुढची विनंती ७.४५ ला जाते आणि नाव नव्या पत्त्याशी जुळते. डकडीएनएसच्या नोंदीचे आयुर्मान ६० सेकंद असल्याने ७.४६ च्या सुमारास बाहेरच्या जगालाही नवा पत्ता दिसू लागतो. या वेळेनंतर नव्याने जोडणी करणाऱ्याला अडचण येत नाही.

मुलीच्या लिनक्स संगणकावर मात्र जोडणी सकाळपासून चालू आहे, आणि तेथे अडचण येते. वायरगार्ड `Endpoint` मधील नावाचा पत्ता जोडणी सुरू होताना एकदाच विचारतो व पुढे तोच धरून बसतो. त्यामुळे तिचा संगणक रात्रभर `203.0.113.27` कडेच माहिती पाठवत राहील. जोडणी बंद करून पुन्हा चालू करणे हा साधा उपाय. कायमचा उपाय म्हणजे वायरगार्डच्या साधनसंचातील `reresolve-dns.sh` ही आज्ञावली दर ३० सेकंदांनी चालवणे. शेवटचे हस्तांदोलन १३५ सेकंदांहून जुने झाले असेल, तर ती नावाचा पत्ता पुन्हा विचारते.

दरम्यान जुना पत्ता दुसऱ्या एखाद्या ग्राहकाला मिळालेला असू शकतो आणि मुलीच्या संगणकाची माहिती त्या अनोळखी घराकडे जात असते. वायरगार्डमध्ये यातून काही उघड होत नाही, कारण पहिला संदेशदेखील सर्व्हरच्या चावीशिवाय वाचता येत नाही. कूटबद्ध नसलेल्या पानावर संकेतशब्द टाकण्याची सवय असती, तर तो परक्या यंत्राला मिळाला असता. म्हणूनच कॅमेरा, फायलींची पेटी किंवा रिमोट डेस्कटॉपचा `3389` पोर्ट थेट बाहेर उघडू नये. व्हीपीएनचा एकच पोर्ट उघडावा व बाकी सारे त्याच्या आतून वापरावे.

## बिघाड शोधणे

चाचणी नेहमी घराबाहेरून करावी. घरीच असल्यास भ्रमणध्वनीचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून करावी. घरातूनच घराच्या सार्वजनिक पत्त्याकडे जाणारी माहिती पुष्कळ राउटर परत आत वळवत नाहीत, त्यामुळे सर्व ठीक असूनही जोडणी फसल्यासारखी दिसते. संकेतस्थळांवरील पोर्ट तपासण्याची साधनेही येथे कुचकामी ठरतात. ती बहुधा टीसीपीच तपासतात आणि वायरगार्ड तर ओळख न पटलेल्या कोणत्याही संदेशाला उत्तरच देत नाही.

प्रथम `dig +short NAAV.duckdns.org` या आज्ञेचे उत्तर राउटरवरील पत्त्याशी ताडून पाहावे. जुळत नसेल तर दोष क्रॉन वा टोकनमध्ये आहे. जुळत असेल तर पायवर पुढील आज्ञा चालू ठेवून बाहेरून जोडणीचा प्रयत्न करावा:

```
sudo tcpdump -ni eth0 udp port 51820
```

पाय वायफायवर असल्यास `eth0` ऐवजी `wlan0` लिहावे. पडद्यावर एकही ओळ उमटली नाही, तर माहिती घरापर्यंत किंवा राउटरच्या आत आलेलीच नाही; पोर्टची नोंद व सीजीनॅट पुन्हा तपासावे. ओळी उमटतात पण `sudo wg show` मध्ये `latest handshake` दिसत नाही, तर मार्ग ठीक असून बहुधा चाव्यांची अदलाबदल चुकलेली असते. हस्तांदोलन दिसते पण फाईल उघडत नाही, तर शोध `AllowedIPs` व सर्व्हरच्या फायरवॉलपाशी घ्यावा.

## सीजीनॅट असल्यास

पुरवठादाराकडून शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. मग डायनॅमिक डीएनएसचीही गरज उरत नाही. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा. त्यात प्रत्येक यंत्राला सार्वजनिक पत्ता मिळत असल्याने पोर्ट वळवावा लागत नाही, मात्र राउटरच्या फायरवॉलमध्ये `51820` ला परवानगी द्यावी लागते. पत्त्याचा पुढचा भाग सत्रागणिक बदलू शकतो, म्हणून नावाची नोंद येथेही ताजी ठेवावी लागते. जोडणारे दुसरे टोकही आयपीव्ही६ वर असावे लागते आणि वसतिगृह वा कार्यालयाच्या वायफायवर ते बरेचदा नसते. तिसऱ्या मार्गात सार्वजनिक पत्ता असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घेतात. घरचे यंत्र स्वतःहून त्याला जोडून राहते आणि बाहेरगावचा संगणकही तेथेच येतो. जोडणी घरातून बाहेर जात असल्याने सीजीनॅट तिला अडवत नाही, परंतु सारी माहिती त्या सर्व्हरच्या शहरातून फिरून येते व तेवढा विलंब वाढतो.