भादंवि ४२०, अरबीत

पाच पानं, पाच फोटो. गावाकडच्या भावानं पोलीस ठाण्यातून मिळालेली एफआयआरची प्रत खाटेवर पसरून मोबाइलनं टिपलेली, आणि व्हॉट्सॲपवरून दुबईला पाठवलेली. दुसऱ्या पानावर बोटाची सावली, तिसऱ्याचा उजवा कोपरा दुमडलेला, आणि ठाण्याचा जांभळा गोल शिक्का नेमका एका तारखेवर. कोकणातून आखाती देशांत गेलेल्या माणसाला असा कागद अरबीत हवा असतो, कारण नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांपैकी एक जण इथं असतो आणि दुसरा तिथं. तिथल्या पोलिसांत किंवा न्यायालयात तक्रार करायची तर कागद अरबीतच द्यावा लागतो.

असा एक नमुना घेऊ. प्रकरण रचलेलं आहे, पण त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत. फिर्यादीनं दुबईतल्या वेल्डरच्या नोकरीसाठी ५ फेब्रुवारी २०२४ रोजी दीड लाख रुपये रोख दिले आणि ११ जून २०२४ रोजी आणखी एक लाख. व्हिसा आलाच नाही. गुन्हा दाखल झाला ११ जुलै २०२४ रोजी. कलमं: भादंवि ४२०, ४०६ सह ३४, शिवाय उत्प्रवासन अधिनियम १९८३ ची १० आणि २४. आरोपी दोन.

पहिलं काम भाषांतराचं नाही, कागद मिळवण्याचं आहे. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना दाबून लहान करतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ बारकावे शिल्लक राहतात. त्याहून सोपी वाट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर साधारणपणे २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवायची असते. लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं तेवढी त्यातून वगळलेली आहेत. फसवणुकीची फिर्याद बहुधा तिथं सापडते, स्वच्छ छापील स्वरूपात. शिवाय फिर्यादीला एक प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे. फोटोवर डोळे फोडण्याआधी या दोन वाटा चाचपून पाहाव्यात.

तरीही फोटोच हाती असेल, तर आकडे आधी वाचायचे. मराठी एफआयआरमध्ये देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच पानावर नांदतात: छापील रकान्यांत इंग्रजी, सहीखालच्या हस्ताक्षरात देवनागरी. घाईत लिहिलेला देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि देवनागरी चार इंग्रजी आठासारखा. त्यात अरबीचे स्वतःचे आकडे आले की तिसरा गुंता. अरबी पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य, आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. तपासणाऱ्या मराठी डोळ्याला अरबी आकड्यांतले दीड लाख भलतेच दिसतात. म्हणून अरबी मजकुरातही आकडे इंग्रजीच ठेवलेले बरे; अमिरातीत ते सर्रास चालतात. रकमेतला स्वल्पविराम मात्र हलवावा लागतो, कारण लाखाची मोजणी अरबीत नाही. १,५०,००० तिथं १५० हजार होतात, आणि शेजारी ‘भारतीय रुपये’ हे शब्द लागतातच.

शिक्क्याखाली दबलेली तारीख ही दुसऱ्या हप्त्याची होती. ११ जून की १७ जून? जबाबात ‘मंगळवार दि.’ असं लिहिलेलं होतं. २०२४ साली ११ जूनला मंगळवार होता आणि १७ जूनला सोमवार, म्हणजे ११ च. तरीही चांगला भाषांतरकार हा निष्कर्ष मजकुरात गुपचूप मिसळत नाही. तो ११ लिहितो आणि तळटीप देतो: आकडा शिक्क्यामुळे अस्पष्ट, वारावरून निश्चित केला. जिथं असा आधारच नसेल, तिथं चौकोनी कंसात ‘अस्पष्ट’ एवढंच. रिकामी जागा ठेवणं त्याहून वाईट, कारण वाचणाऱ्याला वाटतं की मुळात तिथं काही नव्हतंच.

एकाच एफआयआरमध्ये तारखाही अनेक असतात. घटना कधीपासून कधीपर्यंत घडली, ठाण्यात माहिती केव्हा मिळाली, ठाणे दैनंदिनीत नोंद किती वाजता झाली, आणि प्रत न्यायालयाकडे केव्हा रवाना झाली. प्रत्येकीचा रकाना वेगळा. अरबीतही तो वेगळाच राहिला पाहिजे. ‘तक्रारीची तारीख’ म्हणून सगळ्यांची मोट बांधली तर उशीर का झाला हा वकिलाचा आवडता प्रश्न निरुत्तर होतो. जबाबातला ‘सुमारास’ हा शब्दही सोडता येत नाही. ‘सकाळी ११.३० वा. सुमारास’ आणि ‘सकाळी साडेअकरा वाजता’ यांत उलटतपासणीपुरतं पुष्कळ अंतर आहे.

आता एक यांत्रिक खोड. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, पण तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडे. मधे आडव्या रेघा देऊन तारीख टाइप केली, की अरबी शब्दाच्या मागोमाग संगणक त्या तुकड्यांची जागा बदलून दाखवतो. 11-06-24 असं टाइप केलं तर पडद्यावर 24-06-11 दिसू शकतं, आणि वाचणारा ती २४ जून २०११ समजतो. टाइप करणाऱ्याची काहीच चूक नसते. उपाय साधा आहे: महिना अक्षरी, वर्ष चार आकडी. त्यातही जपावं लागतं, कारण आखातात जूनला ‘यूनियो’ म्हणतात आणि जुलैला ‘यूलियो’. एका अक्षराचा फरक, आणि आपल्या प्रकरणात ११ जून नि ११ जुलै दोन्ही तारखा आहेत. इराक-सीरियाकडे महिन्यांची नावंच निराळी. हिजरी तारखेत रूपांतर करण्याचा मोह टाळावा. हवीच असेल तर ती तळटिपेत, मूळ तारखेला धक्का न लावता.

कलमांपाशी आलं की हुशार भाषांतरकारच जास्त चुकतात. गुन्हा ११ जुलै २०२४ ला नोंदला गेला, आणि भारतीय न्याय संहिता तर १ जुलैपासून लागू झाली होती. मग इथं जुनं ४२० कसं? चुकून पडलं असावं असं समजून कुणी तिथं नव्या संहितेचं ३१८(४) लिहून टाकतो. पण पोलिसांचं बरोबर आहे. कृत्य १ जुलैच्या आधीचं, म्हणून त्याला भारतीय दंड विधान लागू. नव्या संहितेच्या कलम ३५८ नं जुन्या गुन्ह्यांपुरता जुना कायदा राखून ठेवला आहे. नोंद मात्र नव्या कार्यपद्धतीनं झाली, म्हणून त्याच पानाच्या माथ्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दिसतं. दोन पिढ्यांचे कायदे एकाच कागदावर, आणि दोन्ही बरोबर. भाषांतरकारानं दोन्ही जसेच्या तसे उतरवायचे.

तिथल्या वाचकासाठी कायद्याचं पूर्ण नाव नि वर्ष देणं गरजेचं असतं, कारण ‘भादंवि’ हे आद्याक्षरांचं गाठोडं अरबीत कुणालाच उलगडणार नाही. अरबी रीत कायदा क्रमांकानं आणि वर्षानं ओळखण्याची आहे, आणि इथं एक गमतीदार खड्डा आहे. दंड विधान हा १८६० चा ४५ क्रमांकाचा कायदा. त्याच्या जागी आलेली न्याय संहिताही २०२३ च्या कायद्यांत ४५ व्याच क्रमांकाची. वर्ष गळालं तर दोन्ही एकच वाटतात. पोटकलमाचे कंसही अरबी ओळीत जागा बदललेले दिसतात, म्हणून ‘३१८(४)’ सारखं काही आलं तर ‘कलम ३१८ मधील पोटकलम ४’ असं शब्दांत लिहिलेलं चांगलं. आणि अमिरातीच्या दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम शोधून ते ४२० च्या जागी बसवणं हे तर भाषांतरच नव्हे. कोणता स्थानिक कायदा लागतो ते तिथला वकील ठरवील.

खरी कसोटी लागते ती जबाबात. पोलीस ठाण्यातली मराठी एका ओळखीच्या साच्यात चालते: ‘समक्ष हजर राहून फिर्याद देतो की’ इथं सुरू होऊन मजकूर वाचून पाहिल्याच्या आणि तो सांगितल्याप्रमाणे बरोबर असल्याच्या कबुलीपर्यंत एकच लांब वाक्य. ते प्रथमपुरुषीच ठेवावं लागतं. ‘फिर्यादीनं असं सांगितलं’ असा गोषवारा केला की तो जबाब राहत नाही. शिवीगाळ, धमकी, पुन्हा पुन्हा आलेलं ‘सदर’ आणि ‘इसम’, काहीही साफसूफ करायचं नाही.

आपल्या नमुन्यात एक ओळ आहे: ‘सदर कार्यालयात नमूद आरोपी भेटले. त्यांनी माझेकडून रोख दीड लाख रुपये घेतले.’ मराठी वाचकाला यात काहीच खटकत नाही. पण पैसे घेतले किती जणांनी? मराठीत ‘ते भेटले’, ‘त्यांनी घेतले’ हे एका माणसाला मान देऊनही म्हणतात आणि अनेकांबद्दलही. क्रियापदही मदत करत नाही, कारण ‘घेतले’ हे रुपयांप्रमाणे चालतं. अरबी मात्र इथं अडून बसते. तिच्यात एक, दोन आणि दोनाहून अधिक यांची रूपं वेगवेगळी आहेत. लिहिणाऱ्याला एक निवडावंच लागतं. एकवचन निवडलं तर दुसरा आरोपी पैशांच्या देवाणघेवाणीतून सुटतो. द्विवचन निवडलं तर तो अडकतो, आणि कलम ३४ चा समान उद्देश आयताच सिद्ध झाल्यासारखा दिसतो. पानं मागेपुढे चाळून पुरावा शोधायचा: कुठं ‘दोघांनी’ आहे का, मालमत्तेच्या रकान्यात काही आहे का? नसेल तर एक रूप निवडून मूळ मराठी रूप संदिग्ध असल्याची तळटीप द्यायची. फिर्यादीला फोन करून विचारता येतं, पण त्याचं उत्तर भाषांतरात घालता येत नाही, कारण ते कागदावर नाही. त्याला ते सांगायचंच असेल तर पोलिसांत पुरवणी जबाब द्यावा लागेल.

दुर्दैवानं हा पेच अरबी भाषांतरकारापर्यंत बहुधा पोहोचतच नाही. अमिरातीत न्यायालयीन कागदाला न्याय मंत्रालयाचा परवाना असलेला भाषांतरकार लागतो आणि मराठीतून थेट अरबीत नेणारा परवानाधारक सहजी मिळत नाही. मग कागद दोन टप्प्यांत जातो: इथं मराठीचं इंग्रजी, तिथं इंग्रजीचं अरबी. ‘त्यांनी’ एक की अनेक, हे इंग्रजी करणाऱ्यानं नकळत ठरवून टाकलेलं असतं. साक्षीदार ‘मामा’ इंग्रजीत नुसता ‘अंकल’ होतो आणि अरबीत ‘अम्म’, म्हणजे काका, बनून उतरतो. खरं तर मामासाठी अरबीत ‘ख़ाल’ हा स्वतंत्र शब्द आहे. म्हणून तळटिपा इंग्रजी टप्प्यातच लिहायला हव्यात, नाती फोड करून द्यायला हवीत (आईचा भाऊ, वडिलांच्या भावाचा मुलगा), आणि मराठी मूळ प्रतही सोबत जायला हवी. नावांचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवरून जसंच्या तसं घेऊन अरबी नावाशेजारी कंसात ठेवायचं. अरबीत प नाही, च नाही; ‘पाटील’ तिथं ‘बातील’ होतात.

शेवटची तपासणी दोघांनी मिळून करायची असते. एक जण अरबी प्रतीतला प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचतो, दुसरा मराठी पानावर बोट ठेवून जुळवतो. पहिल्यांदा तारखा, मग कलमं, मग रकमा, मग वाहन, पासपोर्ट आणि मोबाइलचे क्रमांक. त्यानंतर भाषांतरकाराचा दाखला. हाती फक्त फोटो असेल तर दाखल्यात तेवढंच लिहिलं पाहिजे: सादर केलेल्या छायाचित्रावरून केलेलं भाषांतर, मूळ प्रत पाहिलेली नाही. असा कागद वकिलाला प्रकरण समजावून द्यायला पुरतो. न्यायालयात दाखल करायचा तर ठाण्याची सही-शिक्क्याची प्रत, तिच्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का हे सगळं आधी, आणि भाषांतर त्या प्रतीवरून नव्यानं.