दवाखान्याच्या आठवणीच्या एसएमएसमध्ये पॅकेजची एक ओळ

मधुमेहाच्या रुग्णाला दवाखान्यातून जाणारा आठवणीचा एसएमएस साधारणपणे भेटीच्या आदल्या दिवशी निघतो. त्यातून तीन गोष्टी कळायला हव्यात: कधी यायचे, काय तयारी करायची आणि जमत नसेल तर कोणाला कळवायचे. आजाराचे नाव मात्र त्यात नको. संदेश बंद फोनच्या पडद्यावरही दिसतो आणि घरातला फोन अनेकदा दुसराच कोणी उचलतो.

असा एक नमुना पाहू:

«उद्या बुधवारी सकाळी १०.३० ला डॉक्टरांची वेळ आहे. रक्त उपाशीपोटी द्यायचे आहे. वेळ बदलायची तर फोन करा:»

पुढे फोन नंबर आणि दवाखान्याचे नाव येते. उपाशी राहताना गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, हे रुग्णागणिक बदलते. ते आधीच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलेले असावे. एसएमएसमध्ये ते बसवायला जाऊ नये.

मराठी संदेशाचा खर्च त्याच्या लांबीवर ठरतो. रोमन लिपीतल्या साध्या एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्याहून लांब देवनागरी संदेशाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे राहतात. काना, मात्रा, हलन्त आणि मोकळी जागा हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘उद्या’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण मोजणीत पाच चिन्हांचा. वरचा नमुना बरोबर १०० चिन्हांचा आहे. एक मोकळी जागा आणि दहा आकडी नंबर धरला की १११ होतात, म्हणजे दोन तुकड्यांच्या १३४ चिन्हांतून दवाखान्याच्या नावाला २३ उरतात. पैसे वाचवायला काही दवाखाने मराठी मजकूर रोमन लिपीत पाठवतात. बचत खरी आहे, पण ‘upashi’ वाचताना अडखळणाऱ्या आजोबांच्या पदरी काही पडत नाही.

आता पॅकेजची गोष्ट. मधुमेहात वर्षातून एकदा किडनी, कोलेस्टेरॉल, डोळे आणि पाय यांची तपासणी सुचवली जाते. उपाशीपोटी रक्त द्यायला रुग्ण येतच असतो. त्याच रक्तातून कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन पाहता येते. किडनीसाठी लघवीचा नमुना तेवढा जास्तीचा. म्हणून या रुग्णाला सत्तर चाचण्यांचे ‘फुल बॉडी’ पॅकेज सुचवण्यापेक्षा त्याच्या आजाराशी जोडलेले छोटे वार्षिक पॅकेज सुचवणे शहाणपणाचे. त्याची ओळ अशी होईल:

«वार्षिक पॅकेजमध्ये किडनी व कोलेस्टेरॉलही पाहतात. हवे तर विचारा.»

ही ओळ ६३ चिन्हांची आहे, त्यामुळे सगळा संदेश तीन तुकड्यांच्या २०१ चिन्हांत बसतो. तिच्यात किंमत नाही, सवलतीची मुदत नाही आणि भीती दाखवणारा एकही शब्द नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्ण ओढण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रयत्न करणे अनैतिक ठरते. ‘फक्त आजपर्यंत’ अशा सुराचा मजकूर त्या बाजूला सहज झुकतो.

तरीही ओळ कितीही सौम्य असली, तरी ती जाहिरातच आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांखाली पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. सेवेच्या संदेशात जाहिरात मिसळली की अख्खा संदेश प्रचाराचा धरला जातो. प्रचाराच्या संदेशांना नकार नोंदवलेल्या, म्हणजे ‘डीएनडी’ घेतलेल्या रुग्णापर्यंत तो पोहोचेलच असे नाही. पॅकेज विकण्याच्या नादात उद्याची वेळच कळली नाही, तर नुकसान दोघांचेही. पाठवणाऱ्याच्या नावामागे ‘-S’ असेल तर संदेश सेवेचा आणि ‘-P’ असेल तर प्रचाराचा, हे रुग्णाच्या फोनवरही दिसते.

म्हणून आठवणीचा संदेश एकटा, सेवेचा म्हणून पाठवावा. पॅकेजची ओळ जोडलेला दुसरा साचा वेगळा नोंदवून, ज्यांनी अशा संदेशांना स्पष्ट संमती दिली आहे त्यांनाच पाठवावा. ही संमती नोंदणीच्या कागदावर वेगळ्या सहीने घेतलेली बरी. उपचाराच्या संमतीतच ती गुंडाळली, तर नेमके कशाला हो म्हटले ते रुग्णाला कळत नाही.

नोंदवलेल्या साच्यात नाव, वार, वेळ यांच्या जागी ठरलेली खूण लिहितात आणि एका खुणेत ठरावीक चिन्हांपर्यंतच मजकूर भरता येतो. बाकीचा मजकूर जसाच्या तसा हवा. स्वागतकक्षातल्या कोणी ‘यावे’ऐवजी ‘नक्की यावे’ असे केले, तरी साचा जुळत नाही आणि संदेश वाटेतच अडतो. दवाखान्याला वाटते संदेश गेला, पण रुग्णाला काहीच मिळालेले नसते. हे ओळखायचे असेल तर ‘पाठवले’ या आकड्यावर विसंबू नये. सेवा देणाऱ्या कंपनीच्या पोहोच-अहवालात ‘पोहोचले’ किती, ते पाहावे. शब्द बदलल्यानंतर पहिल्याच दिवशी हा आकडा घसरला, तर साचा तपासायला घ्यावा.