मानेवरची काळपुळी

आज आपण केसांखाली लपणाऱ्या दुखण्याबद्दल बोलू. आमच्या गटातल्या एका वहिनींना गेल्या पावसाळ्यात हे झालं. त्यांनीच सांगितलं, नाव घेऊ नका, पण बायकांना सांगा.

वहिनी बावन्न वर्षांच्या. माहीमच्या वाडीत पानवेलीचं काम करतात. मानेवर, अंबाड्याच्या खाली, एक केसतूड आलं. घाम येतो, अंबाडा घासतो, तिथं असं होतंच, म्हणून त्यांनी गूळ-चुना लावला. दोन दिवसांनी दाबून पू काढला. आठवड्यात ती जागा लिंबाएवढी फुगली, कडक झाली आणि तिला एक नाही, चार-पाच तोंडं फुटली. चाळणीतून गळावा तसा पू येऊ लागला. याला आपल्याकडे काळपुळी म्हणतात. शेजारशेजारच्या केसांच्या मुळांना झालेली लागण आत एकमेकींना जोडली जाते, म्हणून तोंडं अनेक असतात. दाबलं की पू बाहेर कमी येतो आणि आत जास्त पसरतो.

नवल म्हणजे वहिनींना दुखत फारसं नव्हतं. साखर अनेक वर्षं वाढलेली असली की नसांची जाणीव कमी होऊ शकते. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असा अर्थ तिथं लावू नये.

ताप आला तेव्हा सुनेनं त्यांना दवाखान्यात नेलं. बोटातून रक्त काढून साखर पाहिली, ती ३१८ निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. काळपुळी ही अशी पुष्कळदा आधी येते आणि मधुमेह मागाहून कळतो. डॉक्टरांनी जागा बधिर करून चीर दिली, आतला पू आणि सडलेला भाग काढला, थोडा पू तपासायला पाठवला. जंतूंवरचं औषध सुरू झालं आणि त्याबरोबर साखर उतरवायलाही. दोन्ही एकत्र झालं म्हणून जखम भरली, तरी सहा आठवडे रोज पट्टी बदलावी लागली.

इतके दिवस का? डोक्याला आणि मानेला रक्तपुरवठा भरपूर असतो. डोकं फुटलं तर किती रक्त येतं, पाहिलंच असेल. म्हणूनच तिथली जखम एरवी लवकर भरते. पण साखर जास्त असली की रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठाही कमी पडतो. त्यामुळे डोक्यावरची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर आधी साखर तपासा. सकाळी उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर मधुमेहाचा संशय धरून डॉक्टरांकडून पक्की खात्री करून घ्यायची. तीस वर्षांवरच्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारा.

जखम भरली आणि तीन महिन्यांनी वहिनींचे केस मुठीनं गळू लागले. त्या घाबरल्या; आम्हीही घाबरलो, खोटं कशाला सांगू? दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं रोजचंच असतं. मोठा ताप किंवा दुखणं झालं की पुष्कळ केस एकाच वेळी वाढ थांबवून विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं जिवंत असतात, म्हणून केस सहसा सहा महिन्यांत परत येऊ लागतात. भांग रुंद दिसतो, टक्कल पडत नाही. पण प्रत्येक वेळी दोष साखरेवर टाकू नका. रक्त कमी असलं, थायरॉइडचा त्रास असला तरी केस विरळ होतात, ते तपासून घ्यावं. आणि नाण्यासारखी गुळगुळीत चाई पडली, तर ते वेगळंच दुखणं आहे.

कोंड्यासारखे पापुद्रे, खाज आणि तुटके केस असतील तर नायट्याचीही शक्यता असते. डोक्यावरचा नायटा नुसत्या मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं. दुकानदाराकडून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं तर खाज थांबते, नायटा मात्र आत पसरतो. पू असलेल्या जागी खोबरेल चोळू नका, आणि फणी एकमेकींची वापरू नका.

साखर असलेल्या बाईनं न्हाण्याच्या दिवशी लेकीकडून किंवा जावेकडून भांग पाडपाडून डोकं आणि मान बघून घ्यावी. आपल्याला आपली मान दिसत नाही. रुपयाएवढी कडक सूज, एकाहून जास्त तोंडं, किंवा चार दिवसांत कमी न होणारं केसतूड दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप, थंडी, उलट्या, गुंगी, किंवा चेहऱ्याकडे सरकणारी सूज असेल तर रात्र काढू नका.

वहिनींच्या भांगाशी आता बारीक बारीक केस उभे राहिलेत. मानेवर चिरेच्या जागी मात्र उगवणार नाहीत, तिथली मुळंच गेली. अंबाडा त्या आता जरा वर बांधतात.