फ्रँक कडाडला, भत्ता आटला

15 जानेवारी 2015. एका युरोला किमान 1.20 फ्रँक, ही तीन वर्षांहून जुनी मर्यादा स्विस नॅशनल बँकेने अचानक उठवली आणि फ्रँक कडाडला.

झुरिकमध्ये नेमणुकीवर असलेल्या, पण भत्ता युरोत घेणाऱ्यांचं गणित कोलमडलं. समजा, भत्ता 3,000 युरो. आदल्या दिवशी त्याचे 3,600 फ्रँक येत. आठवडाभरात जेमतेम 3,000. घरभाडं मात्र तेवढंच, तेही फ्रँकमध्ये.

अशा वेळी कंपनीला लिहिलेल्या पत्रात ‘महागाई वाढली’ म्हटलं की घोडं अडतं. भाव वाढलेलेच नसतात!

पत्रात नेमणुकीच्या दिवशीचा दर, आजचा दर आणि भाडेकरार जोडावा. मागणी फ्रँकमधल्या खर्चापुरतीच ठेवावी. घरी पाठवायच्या पैशांची त्यात भर नको. शक्य असल्यास भत्ताच फ्रँकमध्ये ठरवून मागावा.